टाउन हॉलच्या तीस पायऱ्या

मुंबईत फोर्टात, हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर पांढऱ्या खांबांची एक भारदस्त इमारत आहे. जुने मुंबईकर तिला टाउन हॉल म्हणतात. लग्न ठरलेल्या पोरापोरींना ती माहीत असते ‘एशियाटिकच्या पायऱ्या’ म्हणून. १८३३ साली पूर्ण झालेली ही इमारत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचं घर आहे. तीस पायऱ्या चढून गेलं की आठ डोरिक खांबांची ओसरी लागते आणि तिच्यामागे ग्रंथालय. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे या संस्थेशी आयुष्यभर जोडलेले होते. विवाहसंस्कारावर इतकं बारकाईनं लिहिणाऱ्या माणसाच्या ग्रंथालयाच्या दारात आज नवरा-नवरी फोटो काढायला येतात, हे मला फार आवडतं.

रविवारी सकाळी इथे एकाच वेळी अनेक जोडपी, त्यांचे फोटोग्राफर, साडी सावरणाऱ्या बहिणी आणि पायऱ्यांवर ताणून दिलेली कुत्री असा मेळा असतो. इतकी जागा सोडून सगळे इथेच का येतात? कारण पायऱ्या. दोन माणसांना एका चौकटीत बसवताना उंचीतला फरक, उभं कसं राहायचं आणि हातांचं काय करायचं हे तीन प्रश्न हमखास येतात, आणि तिन्हींची उत्तरं पायरीजवळ असतात.

डिसेंबरात ज्या जोडप्याला घेऊन मी तिथे गेले ते डोंबिवलीचं. मुलगी बँकेत, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, लग्न फेब्रुवारीत. मुलीनं आधी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्यात याच पायऱ्यांवर मधोमध एक जोडपं बसलेलं, मागे खांब सरळसोट उभे, पायऱ्यांवर दुसरं चिटपाखरू नाही. खाली लिहिलं होतं, ‘ताई, आम्हाला अस्साच हवा.’

असा फोटो हातात आला की आधी तो वाचायचा. जागेवर जाण्यापूर्वीच त्यातून बरंच कळतं. या फोटोत खांब एकमेकांना समांतर होते, वर जाताना आत झुकलेले नव्हते. म्हणजे काढणाऱ्यानं कॅमेरा वर कललेला धरला नव्हता, आडवा सरळ धरला होता. जोडप्यामागचे खांब चांगले भरघोस दिसत होते, म्हणजे तो लांब उभा होता आणि लांबची लेन्स वापरत होता. जवळ उभं राहून वाइड लेन्सनं काढलं असतं तर माणसं मोठी झाली असती आणि खांब मागे पळून बारीक झाले असते. त्या दोघांच्या पायाशी ठळक सावली नव्हती, चेहऱ्यावर उजेड मऊ आणि समोरून आलेला होता. ही इमारत बागेच्या पूर्वेला आहे आणि तिचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि पायऱ्या इमारतीच्याच सावलीत असतात. म्हणजे फोटो सकाळचा. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, तेव्हा बहुधा रविवारचा. जागा, वेळ, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची एवढं सगळं एका फोटोतून हाती लागलं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. फोटोतल्या जोडप्यानं फिकट गुलाबी आणि पांढरा पोशाख घातला होता आणि या दोघांनीही तशीच खरेदी करायचं ठरवलं होतं. पांढऱ्या खांबांपुढे पांढरा कुर्ता घातला की धडाची कडा हरवते आणि नुसता चेहरा तरंगतो. त्या फोटोत ते निभावलं होतं, कारण ती दोघं दोन खांबांमधल्या काळोख्या फटीपुढे बरोबर बसली होती. मुलीच्या आईची गडद हिरवी काठापदराची साडी घरात होतीच. मुलासाठी विटकरी कुर्ता घेतला. हे रंग पांढऱ्यावरही उठतात आणि ओसरीच्या काळोखावरही.

आता पोचण्याबद्दल. डिसेंबरात मुंबईत सात वाजता उजाडतं. आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पहाटेच्या लोकलनं उतरलो. तिथून फोर्टातून चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. साडी घरूनच नेसून यावी, कारण इथे कपडे बदलायला जागा नाही. मुलीची मामेबहीण सोबत होती, तिच्या पिशवीत सेफ्टी पिना, पावडर, पाण्याची बाटली आणि सपाट चपला. टाचांचे सॅंडल फक्त फोटोपुरते घालायचे. दगडी पायऱ्यांवर टाच घसरते, आणि पाय घसरेल ही भीती चेहऱ्यावर दिसते.

पोचल्यावर आधी मध्य शोधायचा. आठ खांब, म्हणजे मधोमध खांब येत नाही, चौथ्या आणि पाचव्या खांबामधली फट येते. रस्ता ओलांडून बागेच्या कुंपणाशी जायचं आणि ती फट आपल्या नाकासमोर येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. दोन पावलं इकडेतिकडे झाली तरी पायऱ्यांच्या आडव्या रेघा फोटोत तिरप्या होतात, आणि तीसच्या तीस रेघा तिरप्या झाल्या की बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळी दाखवण्याची सोय असते, ती चालू करावी आणि सर्वांत खालच्या पायरीची कड जाळीच्या रेघेला जुळवावी. जोडपंही मग नेमकं मधोमध बसवायचं, नाहीतर सरळ एका खांबाइतकं बाजूला न्यायचं. इतक्या काटेकोर इमारतीपुढे वीतभर बाजूला बसलेली माणसं चुकून सरकल्यासारखी दिसतात.

त्यांना कितव्या पायरीवर बसवायचं, याचं उत्तर साध्या हिशेबातून निघतं. पायरी साधारण अर्ध्या फुटाची धरली, तर सहाव्या पायरीवर बसलेला माणूस रस्त्यापासून तीन फूट वर असतो. बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून सुमारे अडीच फुटांवर असतात. एकूण झाले साडेपाच फूट, म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची जवळजवळ तीच उंची. सहाव्या-सातव्या पायरीवर जोडपं बसलं की कॅमेरा वर-खाली कलवावाच लागत नाही. तो आडवा सरळ राहिला की मागचे खांबही सरळ राहतात. पंधराव्या पायरीवर बसवलं तर जवळून कॅमेरा वर कलवावा लागतो आणि खांब आत झुकून इमारत पाठीवर पडत असल्यासारखी दिसते. कॅमेरा सरळ असला की चेहरे चौकटीच्या मध्यावर येतात आणि खाली रस्त्याचा मोठा पट्टा शिल्लक राहतो. तो नंतर कापून टाकायचा. म्हणून फोटो थोडा सैल काढावा.

रस्त्यापलीकडून काढताना मधून टॅक्सी जाते, दूधवाला जातो. त्यासाठी मामेबहीण रस्त्याच्या कडेला उभी राहून हात वर करायची, म्हणजे रस्ता मोकळा. या दोघांना मी सांगून ठेवलं होतं, की गाडी गेली तरी जागचे हलू नका, गप्पा चालू ठेवा.

बसण्याची तऱ्हा जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. दोघं शेजारी शेजारी कॅमेऱ्याकडे गुडघे करून बसले की गुडघे पुढे येतात, मांड्या आखूड दिसतात आणि सगळा फोटो गुडघ्यांचा होतो. मी मुलाला सहाव्या पायरीवर बसवलं आणि मुलीला सातव्या, पण त्याच्या थेट मागे नाही, हातभर बाजूला. दोघांना अंग एकमेकांकडे तिरकं वळवायला सांगितलं. मुलाचा एक पाय एक पायरी खाली, दुसरा दोन पायऱ्या खाली. वरच्या गुडघ्यावर कोपर टेकलेलं, पंजा सैल. पायरीवर मागे रेलून न बसता पुढच्या कडेवर बसायचं. पाठ आपोआप ताठ होते आणि पोटाशी कुर्त्याच्या घड्या पडत नाहीत. मुलीचे गुडघे त्याच्या बाजूला वळलेले, निऱ्या पावलांवरून खालच्या पायरीवर उतरलेल्या, पदर वरच्या पायरीवर मोकळा पसरलेला. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर. तो हात मागून आला तर नुसती चार बोटं दिसतात आणि ती कोणाची हे कळत नाही. म्हणून मनगट आणि बांगड्या दिसतील असा हात पुढून ठेवायला सांगितला.

दोन चेहरे आता एका तिरक्या रेषेत आले, तिचा वर, त्याचा खाली. मग नजर. आधी तिनं कॅमेऱ्याकडे बघायचं आणि त्यानं तिच्याकडे. मग उलट. मग दोघांनी बागेच्या फाटकाकडे, म्हणजे एकाच ठिकाणी. ‘समोर कुठेतरी बघा’ म्हटलं की दोघं दोन दिशांना बघतात आणि भांडण झाल्यासारखा फोटो येतो. मुलगा बुजरा होता. ‘हसा’ म्हटलं की त्याचे ओठ आवळले जायचे. मी त्याला म्हटलं, ‘बघायला गेलात त्या दिवशी पोह्यांत काय कमी होतं, ते हिच्या कानात सांगा.’ त्यानं सांगितलं, ती खळखळून हसली आणि त्यानं मान खाली घातली. ऐन हसण्यात डोळे मिटतात, तोंड फार उघडतं. हसणं ओसरतं त्या पुढच्या क्षणी चेहरे सैल आणि उजळ असतात. कळ तेव्हा दाबायची.

उभ्यानं काढायचं तर त्यांच्यात दहा इंचांचं अंतर, तो पाच फूट अकरा आणि ती पाच फूट एक. सपाट जमिनीवर कपाळाला कपाळ लावायचं म्हणजे त्यानं मान मोडायची आणि तिनं चवड्यांवर उभं राहायचं. तिला एक पायरी वर घेतलं की सहा इंच भरून निघतात, उरतात चार. तेवढा फरक डोळ्यांना बरा वाटतो. दोन पायऱ्या चढवल्या तर ती त्याच्यापेक्षा उंच होते. कोणाला तसा फोटो हवा असला तर जरूर काढावा, पण मग तो ठरवून काढलेला दिसायला हवा, तिनं खाली वाकून त्याच्या केसांवर ओठ टेकवलेत असा. उभं राहताना दोघांनी कॅमेऱ्याला काटकोनात, एकमेकांसमोर राहायचं. मधे वितीएवढी फट ठेवायची, म्हणजे दोन आकृत्या वेगळ्या वाचता येतात. गच्च मिठीत साडी आणि कुर्ता यांचा एकच ढीग होतो.

एक गोष्ट दर फोटोआधी बघावी, डोक्यामागे काय आहे. डोक्यातून खांब उगवला की फोटो गेला. एक पाऊल डावीकडे सरकलं की डोकं खांबावरून फटीत जातं. चेहरे फटीच्या काळोखावर आले की उजळून निघतात.

चालण्याच्या फोटोंचा मोह सगळ्यांना असतो. पायऱ्या उतरताना मात्र माणूस खाली बघतो, बघायलाच हवं, त्यामुळे डोळे मिटल्यासारखे दिसतात. साडीत तर पाय अडकण्याची भीतीही असते. मी दोघांना उतरवलंच नाही. एकाच पायरीवरून, इमारतीच्या लांबीला समांतर, हात धरून चालायला सांगितलं. पायाखाली सपाट जमीन असली की मान वर राहते. शटर एक पाचशांश सेकंदाच्या आसपास ठेवलं आणि पुढच्या पायाची टाच टेकते, मागच्या पायाचा चवडा उचललेला असतो, त्या पावलाची वाट पाहिली. दोन्ही पाय जोडलेले असताना कळ दाबली तर माणूस चालताना न दिसता अवघडून उभा दिसतो. नऊवारी असती तर मी उतरण्याचाही फोटो काढला असता. काष्ट्यामुळे पाऊल मोकळं पडतं.

सावलीतल्या उजेडाचे दोन गुण लक्षात ठेवावे लागतात. आकाशाचा उजेड निळसर असतो, त्यामुळे चेहरे फिकट, आजारी येतात. कॅमेऱ्यात रंगाचं तापमान साडेसहा-सात हजार केल्व्हिनवर किंवा सावलीच्या खुणेवर ठेवलं की त्वचेची ऊब परत येते. दुसरं म्हणजे, एवढी पांढरी इमारत बघून कॅमेरा उजेड जास्त आहे असं समजतो आणि सगळाच फोटो काळवंडतो. उजेडाची मोजणी पाऊण ते एक टप्पा वाढवावी लागते. मोबाइलवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट ठेवून सूर्याची खूण थोडी वर ओढा, तेच काम होतं. उजेड बागेच्या बाजूनं, म्हणजे मोकळ्या पश्चिम आकाशाकडून येतो. चेहरे निदान अर्धे तरी त्या बाजूला वळलेले हवेत. तिनं इमारतीकडे मान वळवली की डोळ्यांतली चमक लगेच विझायची.

ही सावली कायम टिकत नाही. सूर्य इमारतीच्या वर सरकतो तसं ऊन आधी रस्त्यावर पडतं, मग सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि पायरीपायरीनं वर चढतं. उन्हाची कड तुमच्या पायांशी आली की दोन पायऱ्या वर सरकायचं. अर्ध्या अंगावर ऊन आणि अर्ध्यावर सावली असा फोटो नंतर कितीही घासला तरी सुधारत नाही. संध्याकाळी सगळं उलटं होतं. ऊन समोरून, पिवळं येतं, खांब सोनेरी होतात, पण जोडप्याचे डोळे मिचमिचतात आणि रस्ता गाड्यांनी, पायऱ्या माणसांनी भरलेल्या असतात. थोड्याच वेळात बागेतली झाडं आणि पलीकडच्या इमारती आडव्या येतात. फक्त इमारतीचा सोनेरी रंग हवा असेल तर संध्याकाळ. दोन माणसांचे चेहरे हवे असतील तर सकाळच.

वर खांबांपाशी जायचं तर आधी रखवालदाराला विचारावं. तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नये. ते ग्रंथालयाचं दार आहे आणि आत वाचणारे लोक येतात. ट्रायपॉड, लाइटचे स्टँड, धुराच्या कांड्या दिसल्या की हटकतातच. रीतसर मोठं शूटिंग करायचं असेल तर आधी परवानगी घेऊन यावं. आम्ही हातात धरलेल्या एका कॅमेऱ्यावर भागवलं आणि बाकीच्या जोडप्यांना मधली जागा देऊन आळीपाळीनं काम केलं.

पायऱ्यांवर ऊन आल्यावर आम्ही सर्कलभोवतीच्या कमानींखाली गेलो. एकोणिसाव्या शतकात या वर्तुळाला एलफिन्स्टन सर्कल म्हणत. त्याच्या कडेच्या इमारतींना फुटपाथवर सलग कमानी आहेत, आणि रविवारी कचेऱ्या बंद असल्यानं तिथे चालणारेही थोडे. इथे रस्त्याच्या बाजूनं उजेड येतो, भिंतीच्या बाजूला काळोख असतो, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी हळूहळू मावळत जाणारी. जोडपं अगदी तोंडाशी उभं केलं तर कमानी वाया जातात, आणि शेवटच्या कमानीपाशी नेलं तर ती दोघं दिसतच नाहीत. तिसऱ्या कमानीपाशी, भिंतीपासून हातभर दूर उभं केलं, आणि मी पहिल्या कमानीबाहेरून पन्नासच्या लेन्सनं काढलं. पुढे दोन कमानी, मागे चार-पाच, मधे ती दोघं. मुलानं खांबाला खांदा टेकवला. पाठ टेकवली तर माणूस थकलेला दिसतो, नुसता खांदा टेकला तर निवांत. मुलीनं त्याच्या कुर्त्याचं वरचं बटण लावायला घेतलं. हातांना काम मिळालं आणि नजर आपोआप तिथे गेली.

मग डोंबिवलीला परतायची वेळ झाली म्हणून आवरतं घेतलं. शेवटचा फोटो मात्र पत्रिकेसाठी हवा होता. पत्रिकेवर नावं, तारीख, मुहूर्त, स्थळ असा बराच मजकूर असतो, आणि सुंदर फोटोतसुद्धा तो मजकूर कोणाच्या तरी कपाळावर छापलेला मी पाहिला आहे. म्हणून पायऱ्यांवर परत गेलो. ऊन बाराव्या पायरीपर्यंत चढलं होतं. दोघांना त्याच्या वर, अजून सावलीत असलेल्या भागात, उजवीकडून दुसऱ्या खांबाच्या रेषेत बसवलं आणि चौकटीचा डावा अर्धा भाग रिकामा सोडला. त्या बाजूला नुसत्या पायऱ्या आणि खांबांची पांढरी अंगं. खालच्या पायऱ्यांवर ऊन झगझगीत होतं, ते कापून टाकायचं हे आधीच ठरवलं होतं. मुलगी म्हणाली, ‘ताई, इकडे फारच मोकळं दिसतंय.’ मी तिला मोबाइलवर त्याच फोटोवर दोघांची नावं आणि तारीख लिहून दाखवली. तिनं तो तिथूनच आईला पाठवला, आणि उत्तर आलं, ‘मुहूर्ताची वेळ राहिली की.’ तेवढ्या ओळीलाही डावीकडे जागा होती.